पंधरा मिनिटांच्या वरचा व्हिडिओ यूट्यूब घेत नसेल तर आधी हे तपासा

आमची काकू सोलापुरात बाळीवेशीत राहते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा तिचा जुना धंदा. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाने तिला यूट्यूबवर चॅनल काढून दिलं. भाकरी थापायची, वाळवायची, चटणी कुटायची असे तिचे सात-आठ मिनिटांचे व्हिडिओ नीट चालले होते. मग एका रविवारी तिने ठरवलं की चटणी अगदी पहिल्यापासून दाखवायची. शेंगा भाजणं, फोलपटं पाखडणं, मग उखळात कुटत कुटत दाण्याचं तेल सुटेपर्यंतचं सगळं. व्हिडिओ झाला सव्वीस मिनिटांचा. रात्री चढवायला लावला, सकाळी उठून बघते तर गेलेलाच नाही.

मी नवी पेठेत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. त्यामुळे घरातल्या सगळ्या मोबाईलच्या तक्रारी माझ्याकडे येतात. काकूचा फोन आला तो असा: "अरे, फाईल खराब झाली वाटतं. दोनदा लावली, दोन्ही वेळा पूर्ण शंभर टक्के झाली आणि मग नाही म्हणाली."

फाईल खराब नव्हती. हाच प्रश्न माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो, कधी भजनी मंडळाकडून, कधी शिकवणी घेणाऱ्या सरांकडून, आणि जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजाची मिरवणूक पूर्ण शूट केलेल्या पोरांकडून. दरवेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

हीच अडचण आहे हे कसं ओळखायचं

यूट्यूबवर नवं चॅनल काढलं की त्याला जास्तीत जास्त १५ मिनिटांचा व्हिडिओ चढवता येतो. त्याच्या वरचा हवा असेल तर फोन नंबरवरून चॅनलची पडताळणी करावी लागते. ती झाली की हीच मर्यादा १२ तास किंवा २५६ जीबी, यांतलं जे आधी भरेल तिथपर्यंत जाते. मधे दुसरी पायरी नाही. म्हणजे सोळा मिनिटांचा असो की तीन तासांचं कीर्तन असो, अडचण एकच आणि उपायही एकच.

कॉम्प्युटरवरून चढवला असेल तर यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओसमोर `Processing abandoned` आणि `Video is too long` अशा अर्थाची ओळ दिसते. कधी चढवतानाच पडताळणी करा म्हणून सांगितलं जातं. काकूच्या बाबतीत सगळी फाईल वर गेल्यावरच कळलं. मोबाईलवर नेहमीच्या दर्जात घेतलेला सव्वीस मिनिटांचा व्हिडिओ तीन जीबीच्या आसपास भरतो. दोनदा म्हणजे सहा जीबी गेले. रोजच्या दोन जीबीच्या प्लॅनवर हे केलं असतं तर तीन दिवसांचा डेटा संपला असता. नशीब, घरी वायफाय होतं.

मधल्या काळात तिच्या मुलाने आपल्या परीने इलाज केला होता. कुठल्याशा अॅपने फाईल दाबून सातशे एमबीची केली आणि पुन्हा लावली. तीही परत आली. हीच सगळ्यात पक्की खूण समजा. फाईल लहान करूनही नाकारली जात असेल, आणि त्याच चॅनलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बिनबोभाट जात असेल, तर अडचण फाईलच्या वजनाची नाही, लांबीची आहे. नेट, फोन, अॅप बदलून काही होणार नाही.

दुसरी एक खूण मला खरं तर आधीच दिसायला हवी होती. काकूच्या सगळ्या व्हिडिओंच्या दर्शनी चित्रात ती डोळे मिटलेली किंवा तोंड उघडं असलेली दिसते. मला वाटायचं, तिला त्यातलं कळत नाही. नंतर कळलं, तिला स्वतःचा फोटो तिथे लावताच येत नव्हता. यूट्यूब व्हिडिओतून आपोआप जी तीन चित्रं काढतं त्यांतलंच एक निवडावं लागत होतं. स्वतःचं थंबनेल लावायलाही हीच फोन पडताळणी लागते. तेव्हा थंबनेल लावता येत नसेल तर समजून जा, उद्या लांब व्हिडिओही अडणार आहे.

पंधराच मिनिटं का

सुरुवातीला यूट्यूबवर अशी मर्यादा नव्हती. लोक टीव्हीवरचे कार्यक्रम आणि सिनेमे जसेच्या तसे चढवायला लागले, म्हणून २००६ साली दहा मिनिटांची मर्यादा घातली गेली. २०१० च्या जुलैमध्ये ती पंधरा मिनिटांवर आली आणि त्याच वर्षाच्या शेवटी काही निवडक चॅनलना त्याहून लांब व्हिडिओ चढवायची मुभा मिळायला लागली. आता ती मुभा फोन नंबरशी बांधलेली आहे. ईमेलचे शंभर खोटे पत्ते एका दुपारी काढता येतात, शंभर सिमकार्डं तशी मिळत नाहीत. सगळा खेळ एवढ्यावर आहे. म्हणूनच पुढे नंबराची जी अडचण सांगणार आहे ती येते.

कुठली पडताळणी

इथे लोक हमखास गोंधळतात, कारण आपल्याकडे "व्हेरिफाईड" म्हटलं की नावापुढची ती बरोबरची खूण डोळ्यासमोर येते. त्या खुणेसाठी अर्ज करायला एक लाख सबस्क्रायबर लागतात. लांब व्हिडिओशी तिचा संबंध नाही. जाहिरातींचे पैसे मिळण्यासाठी लागणाऱ्या एक हजार सबस्क्रायबरशीही नाही. काकूचे तेव्हा दोनशे चाळीस होते. शून्य असते तरी चाललं असतं.

जीमेलला लॉगिन करताना मोबाईलवर जो कोड येतो तीही ही पडताळणी नव्हे. काकूचा मुलगा छातीठोकपणे सांगत होता, "दादा, नंबर टाकलेला आहे, रोज कोड येतो." येत असेल. तो गूगल खात्याचं कुलूप सांभाळणारा नंबर आहे. चॅनलची पडताळणी वेगळी करावी लागते.

आधार किंवा पॅनचीही गरज नाही. ओळखपत्र किंवा चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ मागितला जातो तो याच्या वरच्या पायरीसाठी. पाचशे रुपयांत चॅनल व्हेरिफाय करून देतो म्हणणारे लोक भेटतात. त्यांना तुमचा ओटीपी हवा असतो, आणि ओटीपी दिला की चॅनल त्यांचं. हे काम फुकट आहे आणि पाच मिनिटांचं आहे.

पात्रता कुठे बघायची

कॉम्प्युटर असेल तर उत्तम. नसेल तर मोबाईलच्या क्रोममध्ये वरचे तीन ठिपके दाबून `Desktop site` वर टिक करा, नाहीतर ते तुम्हाला अॅपमध्ये ढकलतं आणि हवं ते पान सापडत नाही.

`studio.youtube.com` उघडा. डाव्या बाजूला खाली `Settings`, त्यात `Channel`, आणि वरच्या पट्टीत `Feature eligibility`. तिथे तीन ओळी दिसतील: `Standard features`, `Intermediate features`, `Advanced features`. आपल्याला मधलीशी काम आहे. तिच्या उजवीकडचा बाण दाबून ती उघडली की आत काय काय मिळतं ते लिहिलेलं असतं. १५ मिनिटांहून लांब व्हिडिओ, स्वतःचं थंबनेल आणि लाइव्ह हे सगळं याच ओळीत येतं.

आता त्या ओळीसमोरचा शब्द नीट वाचा. `Enabled` असेल तर सोय चालू आहे. `Eligible` असेल तर चालू नाही. अर्ध्या लोकांचा घोळ या एका शब्दावर होतो. पात्र आहात म्हणजे झालंच, असं वाटतं. त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला पडताळणी करता येईल, अजून केलेली नाही. रेशनकार्डावर नाव आहे पण धान्य अजून उचललेलं नाही, तसं.

काकूच्या मुलाने मला स्क्रीनचा फोटो पाठवला. मधल्या ओळीसमोर चक्क `Enabled`. मीही क्षणभर चक्रावलो. मग त्याला उजव्या कोपऱ्यातलं गोल चित्र बघायला सांगितलं. तिथे मोटरसायकल होती.

चॅनल कुठलं उघडलंय

त्याने काकूचं चॅनल स्वतःच्याच गूगल खात्यात काढलेलं होतं. स्वतःचं गाड्यांचं चॅनल आधीपासून होतं, त्यातच दुसरं वाढवलं. एका ईमेलमध्ये दोन चॅनल चालतात, त्यात काही चूक नाही. पण पडताळणी ईमेलची होत नाही, चॅनलची होते. गाड्यांचं चॅनल पडताळलेलं होतं, चटणीचं नव्हतं. आणि स्टुडिओ उघडला की गाड्यांचं समोर येत होतं, म्हणून सगळं हिरवंगार दिसत होतं.

म्हणून पात्रता बघायच्या आधी उजव्या कोपऱ्यातलं गोल चित्र दाबा, `Switch account` मध्ये जा, ज्या चॅनलवर व्हिडिओ अडलाय तेच निवडा, आणि मग `Settings` उघडा. काकूचं चॅनल निवडल्यावर मधल्या ओळीसमोर `Eligible` आलं. रोग सापडला.

सोलापुरात मंडळांची चॅनल बहुतेक अशीच असतात, कुणातरी कार्यकर्त्याच्या ईमेलमध्ये दुसरं किंवा तिसरं चॅनल म्हणून. तिथे ही चूक सगळ्यात आधी शोधा.

नंबर टाकताना

चॅनल बरोबर निवडलं की त्याच ओळीत पडताळणीचं बटण मिळतं. सरळ हा पत्ता टाकला तरी चालतो:

```
youtube.com/verify
```

देश भारत निवडायचा, कोड मेसेजने हवा की फोन करून ते सांगायचं, नंबर द्यायचा. सहा आकडी कोड येतो, तो टाकला की काम संपलं.

आमचं संपलं नाही. मुलाने स्वतःचा नंबर टाकला आणि उत्तर आलं की हा नंबर आधीच जास्त खात्यांना जोडलेला आहे. एका फोन नंबरवरून वर्षात दोनच चॅनल पडताळता येतात. त्याच्या नंबरावर एक गाड्यांचं होतं. दुसरं कुठलं, ते त्यालाच आठवेना. बराच वेळ डोकं खाजवल्यावर आठवलं, यात्रेच्या आधी मित्राच्या मंडळाला त्याने आपला नंबर देऊन टाकला होता. परोपकार असा नडतो.

यावर तोच नंबर पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नाही. दुसरा नंबर द्यायचा. आणि तो नंबर गूगल खात्यात नोंदलेला असायला हवा असं अजिबात नाही. स्मार्टफोनचा असायला हवा असंही नाही. काकाकडे बटणांचा साधा फोन आहे, चार्जिंग आठवडाभर पुरतं म्हणून ते तो सोडत नाहीत. तोच नंबर टाकला.

मेसेज काही येईना. मुलगा पुन्हा बटण दाबायला निघाला, त्याला थांबवलं. सारखे सारखे कोड मागवले तर काही काळ मागणीच बंद होते. शिवाय दोन-तीन मेसेज एकदम आले तर त्यातला शेवटचाच कोड चालतो आणि माणूस पहिला टाकत बसतो. पाच मिनिटं थांबायचं, फोनमधली मेसेजची जागा भरलेली नाही ना ते बघायचं. जुन्या साध्या फोनमध्ये पन्नास-शंभर मेसेज झाले की नवा मेसेज आत येतच नाही. काकांच्या फोनमध्ये तेच झालं होतं. बँकेचे, गॅसचे, रिचार्जच्या जाहिरातींचे मेसेज काठोकाठ भरलेले. पुसत बसण्यापेक्षा दुसरा पर्याय घेतला, फोन करून कोड सांगण्याचा. एक मिनिटात फोन वाजला. काकांनी उचलला आणि सवयीप्रमाणे "कोण बोलतंय?" विचारत राहिले. पलीकडून यंत्र आकडे वाचत होतं. पहिला फोन त्यातच वाया गेला. दुसऱ्यांदा काकूने कागद-पेन्सिल घेऊन फोन हातात घेतला आणि सहा आकडे लिहून काढले.

कोड टाकल्यावर पात्रतेचं पान पुन्हा उघडायला सांगितलं. `Intermediate features` समोर `Enabled`. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुन्हा तीन जीबी चढवायला घेऊ नका.

अडलेल्या व्हिडिओचं काय

आधी नाकारला गेलेला व्हिडिओ पडताळणीनंतर आपोआप जिवंत होईल म्हणून वाट बघू नका. स्टुडिओच्या `Content` मधून ती नोंद काढून टाका आणि मूळ फाईल नव्याने चढवा. मूळ फाईल म्हणतोय ते मुद्दाम. काकूच्या मुलाने ती दाबलेली सातशे एमबीचीच लावायला घेतली होती, कारण ती पटकन जाते. त्या फाईलमध्ये उखळातली चटणी म्हणजे तांबड्या रंगाचा नुसता गोळा दिसत होता. तेल सुटताना कडेला जी चकाकी येते, जिच्यासाठी हा सव्वीस मिनिटांचा खटाटोप केला, ती दाबण्यात पुसून गेली होती. मोठी फाईल रात्री लावली. त्यांच्या वायफायचा वर जाण्याचा वेग पाच एमबीपीएसच्या आसपास आहे, त्या हिशोबाने दीड तास धरला होता, तेवढाच लागला.

पडताळणी त्या दिवशी होण्यासारखी नसेल आणि व्हिडिओ आजच जायला हवा असेल, तर तो दोन भागांत कापा. पण बरोबर १५:०० वर कापू नका. एडिटिंगच्या अॅपमध्ये पंधरा दिसतं आणि बाहेर पडलेली फाईल एखाद्या सेकंदाने लांब भरते. मी १४:४५ च्या वर जात नाही.

तरीही होत नसेल तर

`Enabled` दिसतंय आणि तरी व्हिडिओ जात नाही, तर कारण वेगळं आहे. संदेश पुन्हा वाचा. दिवसभरात किती व्हिडिओ चढवता येतात यालाही एक मर्यादा असते. ती संपली तर संदेश लांबीचा नसतो, आणि २४ तासांनी पुन्हा प्रयत्न केला की तो जातो. यात्रेच्या दिवसांत मंडळाची पोरं एका रात्रीत क्लिपांचा पाऊस पाडतात तेव्हा हे होतं.

चॅनलवर नियमभंगाचा स्ट्राइक चालू असेल तर आधी त्याचं बघावं लागतं. पहिल्या स्ट्राइकला आठवडाभर काहीच चढवता येत नाही आणि स्ट्राइक ९० दिवस चॅनलवर राहतो. या काळात पडताळणीवर डोकं आपटून काही हाती लागत नाही.

शिकवणीच्या सरांसाठी एक वेगळी गोष्ट. शाळेने किंवा कॉलेजने दिलेल्या ईमेलवर चॅनल असेल तर तिथल्या व्यवस्थापकाने यूट्यूबवर बंधन घातलेलं असू शकतं. मग पडताळणीचं पान उघडूनही पुढे सरकत नाही. ते बंधन तोच काढू शकतो, आपण नाही. तसंच, पालकांच्या देखरेखीखालचं लहान मुलांचं खातं असेल तर त्यावरून चॅनलच चालवता येत नाही. अशा वेळी स्वतःच्या साध्या जीमेलवर चॅनल काढणं सोपं पडतं.

आणि लाइव्ह करायचा विचार असेल तर पडताळणी आदल्या दिवशीच उरका. पहिल्यांदा लाइव्ह सुरू करताना सोय चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि मोबाईलवरून लाइव्ह करायला निदान ५० सबस्क्रायबर लागतात. लांब व्हिडिओला अशी वाट बघावी लागत नाही. काकूचा त्याच रात्री गेला.

सकाळी तिने फोन केला. व्हिडिओ दिसतोय, म्हणाली, आणि आता थंबनेलला डोळे उघडे असलेला फोटो कसा लावायचा ते सांग.